स्लॉट सांभाळून डिलिव्हरीचा राउंड कसा लावावा

फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही असा माल घरपोच देऊन तिथेच बसवूनही द्यायचा असेल, तर "नकाशावर जवळचा थांबा आधी घ्या" हा सल्ला कामाचा नाही. वेळ फक्त रस्त्यावर जात नाही, ग्राहकाच्या घरीही जातो. त्यात एकाला दहाच्या आत यायला नको असतं आणि दुसरा एकनंतर घरी नसतो. इथे एकच गाडी, समजा छोटा हत्ती, आणि पुण्याच्या पूर्व भागातले पाच-सहा थांबे एवढंच धरलं आहे.

पत्ते, फोन नंबर आणि कोणती वस्तू कुठे, ही यादी तुमच्याकडे असेलच.

आधी प्रत्येक थांब्याला कामाचा वेळ लिहा. सरसकट पंधरा मिनिटं धरणाऱ्याचा राउंड दुसऱ्याच थांब्यावर कोलमडतो. गाडीची चाकं थांबली तिथपासून परत फिरली तिथपर्यंतचा सगळा वेळ मोजायचा, म्हणजे गेटवरची एंट्री, सर्व्हिस लिफ्टची वाट, खोकं फोडणं आणि सहीसुद्धा. वस्तूप्रमाणेही फरक पडतो. फ्रंट लोड मशीनचे ट्रान्झिट बोल्ट पान्याने काढावे लागतात, टॉप लोडला ते नसतात. नळाला आटे नसले तर अॅडॉप्टर शोधण्यात आणखी वेळ जातो. सरासरी धरू नका, कारण सरासरी धरली की जवळजवळ निम्म्या वेळा उशीर ठरलेलाच. पाचातल्या चार वेळा पुरेल एवढा आकडा धरा.

स्लॉट घेताना एक गोष्ट स्पष्ट विचारा: त्या वेळेत काम सुरू व्हायला हवं की संपायला? बऱ्याच सोसायट्यांत दुपारी दोन ते चार ड्रिल चालत नाही (पुण्यात दुपारच्या झोपेशी वाद घालू नये). तिथे टीव्ही भिंतीवर लावायला पाऊण तास लागणार असेल, तर काम सव्वाच्या आत सुरू झालं पाहिजे. स्लॉट तसा कापूनच तक्त्यात लिहा.

प्रवासाचा वेळ त्या-त्या तासाचा घ्या, रात्री अॅपमध्ये दिसणारा नको.

आता खरी गोम. मलाही हीच पायरी बरेच दिवस जमत नव्हती. बहुतेक जण वेळा फक्त वरून खाली मोजतात: नऊला निघालो, इतक्याला पोचलो, इतक्याला संपलं. त्यातून राउंड बसतो की नाही एवढंच कळतं. मध्ये आणखी एक थांबा घुसवता येईल का, गाडी अडकली तर कुठपर्यंत चालेल, हे कळत नाही. त्यासाठी खालून वरही मोजावं लागतं.

उदाहरण घेऊ. गोडाऊन हडपसरला. मगरपट्ट्याचा स्लॉट साडेनऊ ते अकरा, काम 40 मिनिटं. खराडी दहा ते एक, काम 30. विमाननगर बारा ते एक, काम 45. कल्याणीनगरचे काका म्हणाले, "एक ते चार केव्हाही या," काम 25. शेवटी कॅम्प, दोन ते तीन, काम 40. मधले प्रवास अनुक्रमे 20, 20, 15 आणि 25 मिनिटांचे धरू.

वरून खाली: मगरपट्टा 9:30, खराडी 10:30. विमाननगरला 11:20 ला पोचतो, पण स्लॉट बाराचा, म्हणून 40 मिनिटं थांबायचं. कल्याणीनगर 1:00. कॅम्पला 1:50 ला पोचून 2:00 ला काम सुरू.

आता खालून वर. कॅम्पला उशिरात उशिरा 3:00 ला सुरू करता येईल. त्यातून 25 मिनिटं प्रवास आणि कल्याणीनगरचं 25 मिनिटांचं काम वजा करा: कल्याणीनगरला 2:10. म्हणजे काकांनी चारपर्यंत वेळ दिली असली तरी तुमच्याकडे दोन-दहापर्यंतच आहे. ग्राहकाच्या स्लॉटवर विसंबणारे फसतात ते इथेच. विमाननगरला हिशोबाने 1:10 येतं, पण त्यांचा स्लॉटच एकला बंद होतो, म्हणून 1:00. खराडी 12:10, मगरपट्टा 11:00.

कागदावर वैताग येतो, एक्सेलमध्ये दोन सूत्रं पुरतात. B मध्ये स्लॉटची सुरुवात, C मध्ये शेवट, D मध्ये काम, E मध्ये पुढच्या थांब्यापर्यंतचा प्रवास, F मध्ये काम सुरू होण्याची वेळ आणि G मध्ये उशिरात उशिराची वेळ:

```
F3: =MAX(B3, F2+D2+E2)
G2: =MIN(C2, G3-D2-E2)
```

पहिल्या ओळीचा F हाताने लिहा आणि शेवटच्या ओळीच्या G मध्ये तिचाच C टाका. दुपारचा एक 13:00 असा लिहा, नुसतं 1:00 लिहिलंत तर एक्सेल रात्रीचा एक समजतं. मिनिटं 0:40 अशी लिहायची, नुसतं 40 लिहिलंत तर एक्सेल चाळीस दिवस समजतं. G वजा F म्हणजे त्या थांब्यावरची सवड.

रात्री, गाडी भरायच्या आधी, आणखी एक ऑर्डर येते: वडगाव शेरी, अकरा ते तीन, काम 35 मिनिटं. "तीनपर्यंत वेळ आहे ना, मग शेवटी टाका," असं कोणीतरी म्हणतंच. कॅम्पचं काम 2:40 ला संपतं आणि तिथून 35 मिनिटं लागतात, म्हणजे सव्वातीन. गेलं. कल्याणीनगरनंतर टाकलं तर कॅम्पला 2:50 ला पोचाल. कागदावर जमतं, पण सवड दहाच मिनिटं उरते आणि असा राउंड मी कधीच काढत नाही. विमाननगरनंतर टाकलं तर वीस मिनिटं उरतात.

खराडीनंतर टाकून बघा. अकराला निघून 12 मिनिटांत वडगाव शेरी, 11:47 ला काम संपलं, पंधरा मिनिटांनी 12:02 ला विमाननगर. तिथे तर आपण बारापर्यंत थांबणारच होतो! म्हणजे आख्खा थांबा वाढूनही पुढचं सगळं दोनच मिनिटांनी सरकलं आणि कॅम्पला दोनच वाजले. नवा थांबा आधी अशा थांबण्याच्या वेळेत बसतो का ते पाहा, अंतराची तुलना त्यानंतर करा.

ड्रायव्हरच्या कागदावर ग्राहकाचा स्लॉट नको, G ची वेळ लिहा. ती ओलांडली की त्याने लगेच फोन करायचा, पुढच्या दारात पोचल्यावर नव्हे.

समजा विमाननगरला लिफ्ट बंद पडली आणि 2:10 ला सुटका झाली. कल्याणीनगरला 2:25 होणार, म्हणजे तिथली मर्यादा गेली. क्रमाने जायचा हट्ट धरला तर कॅम्पला सव्वातीन वाजतील. त्याऐवजी कल्याणीनगरला फोन करा आणि सरळ कॅम्प गाठा. अर्ध्या तासात, 2:40 ला तिथे काम सुरू, 3:20 ला संपलं, 3:45 ला परत कल्याणीनगर. काकांची चारची वेळही पाळली गेली.

हे जमण्यासाठी माल तसा भरलेला हवा. शेवटचा थांबा सर्वांत आत हा नियम ठीकच आहे, पण कॅम्पचं मशीन आणि कल्याणीनगरचा फ्रिज एकामागे एक न ठेवता शेजारी-शेजारी ठेवा आणि दोन्हींना वेगवेगळी दोरी बांधा, म्हणजे भर रस्त्यात एक उतरवून दुसरं काढायची पाळी येणार नाही.