एकच तक्ता दोनदा भरताना: डबल एंट्रीचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

जुन्या छापील तक्त्यांचे स्कॅन बघून आकडे एक्सेलमध्ये भरायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यातला मोठा भाग जनगणनेच्या जिल्हा हँडबुकांचा. १९५१च्या जनगणनेपासून ही जिल्हावार पुस्तकं निघू लागली आणि त्यांत गावनिहाय घरं, पुरुष, स्त्रिया असे आकडे पानंच्या पानं छापलेले आहेत. स्कॅन अनेकदा पुसट असतात, बांधणीपाशी शेवटचा रकाना वाकलेला असतो, मधूनच शाईचा डाग असतो. ओसीआरवर भरवसा ठेवता येत नाही असं पान आलं की ते हाताने भरायचं आणि दोनदा भरायचं. दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांचं न बघता. मग दोन्ही फाइली शेजारी ठेवून जिथे फरक दिसेल तिथे मूळ पान उघडायचं.

पद्धत जुनीच आहे. पंच कार्डांच्या काळात आयबीएमचं ०५६ नावाचं व्हेरिफायर यंत्र होतं. एका ऑपरेटरने भोकं पाडलेलं कार्ड त्यात घालून दुसरी ऑपरेटर तेच आकडे पुन्हा टाइप करायची. जुळलं नाही की यंत्र तिथेच अडायचं आणि लाल दिवा लागायचा. आज आपण तेच काम एका सूत्राने करतो. फरक एवढाच की ते यंत्र त्या क्षणी अडवायचं आणि आपल्याला फरक शेवटी एकदम दिसतात. म्हणून सुरुवातीची तयारी नीट हवी.

ही तयारी म्हणजे नियमांचा एक कागद. पहिला आकडा भरण्याआधी दोघांनी तो वाचायचा आणि तो दोघांसाठी शब्दशः एकच हवा. छापलेली आडवी रेघ कशी भरायची? माझ्याकडे रेघ आली की `-` भरायचं, शून्य छापलं असेल तरच `0`, आणि काहीच छापलं नसेल तर सेल रिकामा. न वाचता येणाऱ्या अंकाच्या जागी `?`, म्हणजे `3?6` असं. अंदाजाने आकडा भरायचा नाही. गावाचं नाव जसं छापलंय तसंच, आज आपण ते कसं लिहितो याच्याशी संबंध नाही. छापील बेरीज चुकलेली दिसली तरी छापलंय तेच भरायचं. हा कागद नसला की दोन माणसं आपापल्या सवयीने भरतात. मग तुलनेत शेकडो फरक निघतात, त्यातले बहुतेक खऱ्या चुका नसतात, आणि खऱ्या चुका त्या गर्दीत हरवतात.

दुसरा माणूस मिळाला नाही तर एकट्याने दोनदा भरता येतं, पण मग दोन फेऱ्यांत निदान एक रात्र जाऊ द्या. आणि पहिली फेरी ओळीने भरली असेल तर दुसरी रकान्याने भरा. दोन्ही वेळा त्याच दिशेने गेलं की डोळा त्याच जागी घसरतो. एक्सेलचं ऑटोकम्प्लीट बंद ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतलं गावाचं नाव खाली आपोआप येऊन बसतं.

आता एक नमुना बघू. आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत, पण चुका रोज भेटणाऱ्या आहेत. अशा पानांवर अंक इंग्रजी छापाचे असतात, ते लक्षात ठेवा. पाच गावांच्या ओळी, चार रकाने: घरं, पुरुष, स्त्रिया, एकूण. पहिल्या गावात ५४८ पुरुष, ५३१ स्त्रिया, एकूण १०७९. दुसऱ्यात २३७, २४३, एकूण ४८०. तिसरं गाव बेचिराख आहे, तिथे सगळीकडे रेघ. चौथ्यात ४१८, ३८६, एकूण ८०४. पाचव्यात ३२५, ३३८, एकूण ६६३.

दोन भरणी `Pahili` आणि `Dusri` या शीटवर आहेत. तिसऱ्या शीटवर नवीन माणूस साधारणपणे असं लिहितो:

```
=IF(Pahili!B2=Dusri!B2,"","X")
```

हे सूत्र खाली-आडवं ओढलं की दुसऱ्या गावाच्या पुरुषांवर `X` येतो. पहिलीत २३७ आहे, दुसरीत २७३. फरक ३६. शेजारचे दोन अंक उलटले की फरकाला नेहमी ९ने भाग जातो, हे हिशेबनीस फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. इथेही जातो. म्हणजे अंक उलटले असण्याचा दाट संशय आहे, पण कुठल्या भरणीत उलटले ते पान उघडल्यावरच कळतं. पानावर २३७ आहे आणि २३७ अधिक २४३ म्हणजे ४८० होतात. दुसरी भरणी चुकली.

आता तिसरं गाव. पहिल्याने नियम विसरून सेल रिकामा सोडला आणि दुसऱ्याने `0` भरलं. दोघांचंही चुकलं, कारण पानावर रेघ आहे. तरी वरचं सूत्र इथे गप्प बसतं. रिकामा सेल आणि शून्य यांची `=`ने तुलना केली की एक्सेल ते समान धरतं. "या गावात कोणीच राहत नाही" आणि "या गावाचा आकडाच नाही" या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातला फरक हे सूत्र गिळून टाकतं. म्हणून मी हे वापरते:

```
=IF(EXACT(Pahili!B2,Dusri!B2),"","X")
```

`EXACT` दोन्ही बाजू मजकूर म्हणून तपासतं, त्यामुळे रिकामं आणि शून्य वेगळे दिसतात. त्याची उलट बाजूही माहीत असू द्या. एका भरणीत ३८६ हा अंक म्हणून असेल आणि दुसरीत मजकूर म्हणून, तर `EXACT` दोन्ही सारखे म्हणतं. मजकूर म्हणून बसलेला आकडा `SUM` मोजत नाही, त्यामुळे पुढे बेरीज गुपचूप कमी येते. मजकूर झालेले आकडे सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसतात, म्हणून तुलनेआधी रकान्यावरून एक नजर फिरवा.

एखाद्याने मधली अख्खी ओळच गाळली असेल तर तिथून खाली सगळीकडे `X`चा पाऊस पडतो. घाबरून एकेक सेल तपासत बसू नका. आधी दोन्ही शीटच्या ओळी मोजा आणि गावांचे क्रमांक जुळवा. फाइली सीएसव्हीमध्ये असतील तर `diff pahili.csv dusri.csv` ही आज्ञा गाळलेली ओळ नेमकी दाखवते आणि पुढच्या ओळी पुन्हा जुळवून घेते.

चौथ्या गावात खरी मेख आहे. दोघांनीही स्त्रिया ३३६ भरल्या आहेत. कुठल्याही सूत्राने तिथे खूण येणार नाही, कारण दोन्ही भरण्या जुळतात. पानावर इंग्रजी ८च्या डाव्या बाजूची शाई उडालेली आहे आणि तो कोणालाही ३च दिसेल. दोन माणसांची बोटं एकाच जागी सारखीच घसरणं दुर्मीळ, पण दोन माणसांचे डोळे एकाच डागाला सारखेच फसतात. दोन भरण्या जुळल्या याचा अर्थ एवढाच की दोघांनी तो आकडा सारखा वाचला. तो बरोबर वाचला का, ते तुलना सांगत नाही.

ते सांगायला पानाचं स्वतःचं गणित आहे. ४१८ अधिक ३३६ म्हणजे ७५४, आणि छापील एकूण ८०४. फरक बरोबर ५०. फरकात एकच अंक शून्याहून वेगळा आहे, म्हणजे बहुधा दशकाच्या जागी एकच अंक पाचने चुकला आहे. ३च्या जागी ८ घालून बघितलं की ३८६ येतात आणि बेरीज बसते. मग स्कॅन चारशे टक्के मोठा करून बघायचा, ८ची उजवी वळणं आणि डावीकडची पुसट कड दिसते का. बेरीज बसते एवढ्यावरच आकडा बदलायचा नाही, कारण कधी कधी छापणाऱ्याचीच बेरीज चुकलेली असते. १९५१च्या तक्त्यांत आणखी एक सोय आहे. लोकसंख्या उपजीविकेच्या आठ वर्गांत विभागलेली आहे, चार शेतीचे आणि चार बिगरशेतीचे, आणि आठांची बेरीज एकूण लोकसंख्येशी जुळायला हवी. अशी बेरीज जिथे मिळेल तिथे ती डबल एंट्रीइतकीच महत्त्वाची धरा.

फरक निकाली काढताना एक शिस्त मी कधीच सोडत नाही. पहिली आणि दुसरी फाइल जशीच्या तशी राहते. एकीतला आकडा दुसरीत उतरवायचा नाही. निकाल तिसऱ्या फाइलमध्ये जातो, आणि शेजारी नोंद: ओळ, रकाना, पहिली काय म्हणते, दुसरी काय म्हणते, अंतिम काय, कशावरून. शक्य असेल तर हे तिसऱ्या माणसाने करावं. भरणाऱ्याला आपलाच आकडा बरोबर वाटतो, आणि दोघं समोरासमोर बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा राहतो.

या नोंदीचा एक फायदा नंतर कळतो. समजा ६०० सेलांच्या कामात पहिल्याचे ४ आणि दुसऱ्याचे ६ आकडे चुकलेले निघाले. बोटांच्या चुका एकमेकांशी संबंध नसलेल्या धरल्या, तर एकाच सेलमध्ये दोघंही चुकण्याची अपेक्षा ४ गुणिले ६ भागिले ६००, म्हणजे ०.०४. जवळजवळ नाहीच. नवीन माणसं हा आकडा बघून काम संपलं म्हणतात. पण तो बोटांपुरताच खरा आहे. चौथ्या गावासारख्या वाचनाच्या चुकांबद्दल तो काहीही सांगत नाही.

त्यासाठी जुळलेल्या सेलांतून काही यादृच्छिक निवडून तिसऱ्या डोळ्याने थेट पानावरून तपासायचे. ३०० सेल तपासले आणि एकही चूक निघाली नाही, तर चुकांचं प्रमाण शेकडा एकच्या आत आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. यादृच्छिक निवड झाली की त्यावर मी पुसट पानांतले आणि बांधणीकडच्या रकान्यातले काही सेल वेगळे काढून तपासते, आणि त्यांचा हिशेब वेगळा ठेवते. त्यांत चुका जास्त निघाल्या तर ती पानं जास्त ठळक स्कॅन मागवून पुन्हा भरायला घेते. बाकीच्या पानांना हात लावायची गरज पडत नाही.