प्रिंटरचा पत्ता कागदावर काढण्याआधीची तयारी

संगणकात काहीही न टाकता प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता हवा असेल, तर तो प्रिंटरकडूनच छापून घ्यायचा. इथे उदाहरणाला स्क्रीन नसलेला, इंक टँकचा एप्सन एल३२५० घेतला आहे. दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर बटणं बदलतात, पण कागद वाचायची पद्धत तीच.

ट्रेमध्ये ए-४चे दोनचार कोरे कागद असू द्या आणि टाकीत काळी शाई आहे ना ते पाहा. आधी राउटर चालू हवा, मग प्रिंटर. नागपुरात उन्हाळ्यात लाइट जाते-येते तेव्हा हाच क्रम उलटा होतो: लाइट आल्यावर प्रिंटर लगेच तयार होतो आणि राउटर अजून उठतच असतो. म्हणून राउटरवर इंटरनेटचा दिवा लागेपर्यंत थांबा, मग प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करा. त्याचा पॉवरचा दिवा स्थिर झाल्याशिवाय कोणत्याही बटणाला हात लावू नका. मशीन सुरू होत असतानाच बटण दाबून धरलं, तर काही मॉडेलमध्ये नेटवर्कची सगळी सेटिंग पुसली जातात.

आता नेटवर्क स्टेटसचं बटण. ते एकदा दाबून सोडलं की जोडणीचा तपासणी अहवाल छापला जातो. त्यात काय बिघडलंय ते E-ने सुरू होणाऱ्या कोडने कळतं. हेच बटण ५ सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरलं की नेटवर्क स्टेटस शीट येते. पत्ता आणि वाय-फायचे तपशील पाहायचे असतील तर हीच शीट काढा. शेजारचं वाय-फायचं बटण चुकून दाबून धरलंत, तर दिवे आळीपाळीने लुकलुकू लागतात आणि मशीन राउटरच्या बटणाची वाट पाहत बसतं. स्टॉप दाबा आणि पुन्हा सुरुवात करा.

कागद हातात आला की घाईत पहिली ओळ उचलू नका. त्यावर दोन नेटवर्कांची माहिती असते: एक तुमच्या घरच्या किंवा दुकानाच्या वाय-फायची, दुसरी प्रिंटर स्वतः जे नेटवर्क उभारतो त्याची, म्हणजे वाय-फाय डायरेक्टची. SSID म्हणजे नेटवर्कचं नाव; DIRECT- ने सुरू होणारं SSID या दुसऱ्याचं. त्याच्या शेजारचा पत्ता राउटरवरच्या संगणकाला उपयोगाचा नाही. राउटरचं नाव जिथे दिसतं, त्याच भागातला IP Address टिपा, सोबत Subnet Mask, Default Gateway आणि प्रिंटरचा ओळखक्रमांक, म्हणजे MAC Address.

समजा, धरमपेठेतल्या एका छोट्या ऑफिसात लाइट गेल्यानंतर प्रिंट बंद पडली आणि शीटवर हे आलं:

```
IP Address      169.254.87.20
Subnet Mask     255.255.0.0
```

169.254 ने सुरू होणारा पत्ता राउटरने दिलेला नसतो. राउटरकडून उत्तर आलं नाही, म्हणून प्रिंटरने तो स्वतःच घेतलाय. वर सांगितल्याप्रमाणे प्रिंटर बंद-चालू करून नवी शीट काढली, तर 192.168.1.7 असा पत्ता दिसायला हवा. मग मोबाइलच्या वाय-फाय तपशिलात पाहा: त्याचा पत्ताही 192.168.1 नेच सुरू होत असेल, तर दोघं एकाच नेटवर्कवर आहेत. मोबाइलवर 192.168.0 दिसलं आणि मास्क दोन्हीकडे 255.255.255.0 असला, तर बहुधा घरात दोन राउटर आहेत आणि प्रिंटर दुसऱ्यावर गेलाय.

खात्रीसाठी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये http://192.168.1.7 टाका, प्रिंटरचं पान उघडतं. सुरक्षेचा इशारा दिसू शकतो, कारण प्रिंटरचं प्रमाणपत्र त्याने स्वतःच बनवलेलं असतं. पत्ता तुमच्याच मशीनचा असल्याची खात्री कागदावरून झालेली असेल, तर पुढे जा.

पत्ताच नसेल आणि तपासणी अहवालावर E-7 आलं, तर नाव किंवा पासवर्ड जुळत नाही. हा प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो, त्यामुळे राउटरचं नाव ५जी असं संपत असलं तर ते त्याला सापडणारच नाही.

राउटरने दिलेला पत्ता कायमचा नसतो, पुढच्या वेळी तो 192.168.1.9 होऊ शकतो. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये शीटवरचा MAC Address देऊन तोच पत्ता राखून ठेवा. आणि ही शीट दुकानाच्या काउंटरवर पडू देऊ नका: राउटरचा पासवर्ड तिच्यावर नसतो, पण वाय-फाय डायरेक्टचा असतो. तेवढ्यावर कोणीही तुमच्या प्रिंटरला थेट जोडून घेऊ शकतं.