‘दा’ की ‘पेर’? इंग्रजीतून इटालियनमध्ये कालावधी नेताना

‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर थ्री इअर्स’ हे वाक्य इटालियनमध्ये करायला घेतलं की नवशिक्याचा हात दोन ठिकाणी चुकतो. ‘हॅव लिव्ड’ दिसलं म्हणून तो ‘ओ आबितातो’ लिहितो आणि ‘फॉर’ दिसलं म्हणून ‘पेर’. तयार होतं ‘ओ आबितातो क्वी पेर त्रे आन्नी’. (हा ‘ओ’ लिहिताना त्याच्या आधी एच असतो, तो उच्चारात येत नाही.) या वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही, म्हणून ती वहीत तपासताना सापडत नाही. पण ऐकणाऱ्या इटालियन माणसाला अर्थ कळतो तो असा: तीन वर्षं इथे राहिलो, आता राहत नाही. त्याने पुढे ‘ए आदेस्सो दोवे आबिती?’, म्हणजे ‘मग आता कुठे राहतोस?’ असं विचारलं, तर घोटाळा याच जागी झाला आहे असं समजावं.

म्हणायचं होतं ते ‘आबितो क्वी दा त्रे आन्नी’. क्रियापद साध्या वर्तमानकाळात, कालावधीच्या आधी ‘दा’. इथे मराठी माणसाला एक मोठी सोय आहे आणि बहुतेकांच्या ती लक्षातच येत नाही, कारण पुस्तक इंग्रजी असतं आणि शिकवणंही इंग्रजीतून चालतं. आपण मराठीत काय म्हणतो? ‘मी इथे तीन वर्षांपासून राहतो.’ क्रियापद वर्तमानकाळात आणि कालावधीला ‘पासून’. इटालियनचीही हीच रचना आहे, फक्त ‘पासून’ मागे लागतो आणि ‘दा’ पुढे येतो. ‘हॅव लिव्ड’चं वळण फक्त इंग्रजीला लागतं. म्हणून इंग्रजी वाक्य समोर आलं की ते आधी मनातल्या मनात मराठीत म्हणावं आणि मग इटालियनकडे वळावं. एक पायरी वाढते, पण चुका कमी होतात.

मराठीत म्हणताना तीन रूपांपैकी कोणतं तोंडात येतं ते पाहायचं. ‘तीन वर्षांपासून राहतो’ आलं तर वर्तमानकाळ आणि ‘दा’. ‘तीन वर्षं राहिलो’ आलं तर पास्सातो प्रोस्सिमो हा भूतकाळ आणि ‘पेर’: ‘ओ आबितातो आ रोमा पेर त्रे आन्नी’. हा काळ संपलेला आहे, त्याची दोन्ही टोकं बंद आहेत. आणि ‘तीन वर्षांसाठी’ आलं तरीही ‘पेर’, मात्र क्रियापद वर्तमानात किंवा भविष्यात, कारण तो ठरवलेला मुक्काम आहे.

या तिसऱ्या रूपाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, आणि रोजच्या बोलण्यात फजिती तिथेच होते. ‘सोनो क्वी दा दुए सेत्तिमाने’ म्हणजे मी दोन आठवड्यांपासून इथे आहे. ‘सोनो क्वी पेर दुए सेत्तिमाने’ म्हणजे मी दोन आठवड्यांसाठी इथे आहे, मग परत जाणार. फरक एका छोट्या शब्दाचा. घरमालकाला नवीन भाडेकरू किती दिवस राहणार हे कळायचं असेल, तर हा एक शब्द चुकल्याने सगळंच बिनसतं. त्याचा प्रश्नही नीट ऐकावा लागतो: ‘दा क्वान्तो तेम्पो’ म्हणजे किती काळापासून, ‘पेर क्वान्तो तेम्पो’ म्हणजे किती काळासाठी, किंवा क्रियापद भूतकाळी असेल तर किती काळ. उत्तर देताना प्रश्नातला ‘दा’ किंवा ‘पेर’ तसाच उचलावा, सहसा चुकत नाही.

आता इंग्रजीतल्या ‘सिन्स’कडे येऊ. इंग्रजी कालावधीसाठी ‘फॉर’ आणि सुरुवातीच्या क्षणासाठी ‘सिन्स’ असे दोन शब्द वापरते. इटालियन दोन्हीकडे ‘दा’ वापरते, जसं मराठीत ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ दोन्हीला ‘पासून’च चालतं. मग ऐकणाऱ्याला कसं कळतं की सांगितलेली लांबी आहे की सुरुवात? बऱ्याचदा उपपदावरून. ‘लावोरो दा त्रे ओरे’ म्हणजे तीन तासांपासून काम करतोय. ‘लावोरो दाल्ले त्रे’ म्हणजे तीन वाजल्यापासून काम करतोय. ‘दाल्ले’मध्ये ‘दा’ला ‘ले’ हे उपपद जोडलेलं आहे, कारण इटालियनमध्ये घड्याळातल्या वेळेला उपपद लागतं. सन सांगतानाही तसंच: ‘दाल 2021’, म्हणजे ‘दा’ अधिक ‘इल’. महिन्याला मात्र उपपद नाही, ‘दा जेन्नायो’ म्हणजे जानेवारीपासून. वाराचं जरा जपून. ‘दा लुनेदी’ म्हणजे एका ठरावीक सोमवारपासून. ‘दाल लुनेदी आल वेनेर्दी’ म्हणजे दर आठवड्याला सोमवार ते शुक्रवार, जसं दुकानाच्या दारावरच्या पाटीवर असतं.

हे सगळं एका सलग मजकुरात कसं बसतं ते पाहू. पुण्याहून तोरिनोला शिकायला गेलेला विद्यार्थी स्वतःची ओळख लिहितोय असं समजा. त्याच्या इंग्रजी मसुद्याचा मराठी अर्थ असा: मी 2021पासून तोरिनोत राहतो. त्याआधी सहा वर्षं पुण्यात राहिलो. निघालो तेव्हा चार वर्षांपासून एकाच ऑफिसात काम करत होतो. घरमालकाला दोन वर्षांपासून ओळखतो. दीड वर्षात घरी गेलेलो नाही. ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांसाठी भारतात जाणार आहे.

पहिलं वाक्य सोपं: ‘आबितो आ तोरिनो दाल 2021’. इंग्रजीत इथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ असतं, आणि ते पाहून काही जण ‘स्तो आबितान्दो’ लिहितात. राहण्यासाठी इटालियन माणूस सहसा तसं म्हणत नाही. साधा वर्तमानकाळ पुरतो. दुसऱ्या वाक्यात पुण्यातला काळ बंद झाला आहे: ‘प्रीमा ओ आबितातो आ पुणे पेर सेइ आन्नी’. इथला ‘पेर’ गाळला तरी चालतं, ‘ओ आबितातो आ पुणे सेइ आन्नी’ हेही नैसर्गिक आहे. ‘दा’ मात्र असा कधी गाळता येत नाही.

तिसऱ्या वाक्यावर थोडं थांबायला हवं. इंग्रजीत ‘हॅड बीन वर्किंग’ आहे, आणि ‘हॅड’ पाहून लोक इटालियनमधला पूर्ण भूतकाळ शोधत बसतात. मराठी वाक्य बघा: ‘चार वर्षांपासून काम करत होतो’. निघाला त्या क्षणी काम चालूच होतं. चालू गोष्ट भूतकाळात नेली की इटालियनमध्ये वर्तमानाच्या जागी इम्पेर्फेत्तो येतो आणि ‘दा’ जागचा हलत नाही: ‘क्वान्दो सोनो पार्तीतो लावोरावो नेल्लो स्तेस्सो उफ्फीचो दा क्वात्त्रो आन्नी’. या ठिकाणी इम्पेर्फेत्तोबरोबर ‘पेर’ घातला तर वाक्य मोडतं, कारण क्रियापद सांगतं काम चालू होतं आणि ‘पेर’ सांगतो काळ संपला.

चौथं वाक्य ‘कोनोस्को इल पाद्रोने दी काझा दा दुए आन्नी’. इथे भूतकाळ वापरण्याचा परिणाम जास्त गंभीर आहे. ‘कोनोशेरे’ या क्रियापदाचा पास्सातो प्रोस्सिमो, म्हणजे ‘ओ कोनोशूतो’, बहुतेक वेळा ‘पहिल्यांदा भेटलो, ओळख झाली’ असा अर्थ देतो. त्याला ‘पेर दुए आन्नी’ जोडलं तर दोन वर्षं सलग पहिली भेटच चालली होती असं काहीतरी होतं. ओळख कधी झाली ते सांगायचं असेल तर ‘दुए आन्नी फा’, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, आणि ओळख अजून आहे हे सांगायचं तर वर्तमानकाळ आणि ‘दा’.

पाचव्या वाक्यात मात्र मराठी आपल्याला फसवते, म्हणून वर सांगितलेल्या युक्तीची मर्यादा इथे लक्षात ठेवावी. नकार आला की आपण वर्तमान सोडून देतो. ‘दीड वर्षात घरी गेलेलो नाही’, ‘दोन महिन्यांत त्याला भेटलो नाही’ असं म्हणतो. त्यातला ‘-त’ पाहून ‘इन’ लिहावासा वाटतो. पण इटालियन ‘इन’ काम किती वेळात पुरं झालं ते सांगतो: ‘ओ लेत्तो इल लीब्रो इन दुए जोर्नी’, पुस्तक दोन दिवसांत वाचून संपवलं. घरी न जाणं अजून चालूच आहे, म्हणून ‘नोन तोर्नो आ काझा दा दिचोत्तो मेझी’, म्हणजे अठरा महिन्यांपासून घरी जात नाही. तसंच ‘नोन लो वेदो दा दुए मेझी’. नकारात ‘दा’बरोबर भूतकाळही ऐकू येतो, पण नवशिक्याने वर्तमान धरून ठेवावा, तो कधी दगा देत नाही. न करण्याचा काळही संपलेला असेल तर ‘पेर’ परत येतो: ‘नोन ओ पार्लातो पेर त्रे जोर्नी’, तीन दिवस बोललो नाही आणि मग बोलू लागलो.

शेवटचं वाक्य ‘आद आगोस्तो वादो इन इंदिया पेर त्रे सेत्तिमाने’. इथे ‘साठी’ आणि ‘पेर’ जुळतात, अडचण नाही.

एक जागा अशी आहे जिथे ‘दा’ भूतकाळी क्रियापदाबरोबर बिनधोक बसतो आणि नियम पाठ केलेला विद्यार्थी गोंधळतो. ‘ए पार्तीतो दा उनोरा’ म्हणजे ‘त्याला निघून तास झाला’. निघण्याची क्रिया क्षणात संपली. चालू आहे ते त्याचं इथे नसणं, आणि तास मोजला जातो त्याचा. मराठीतलं ‘जाऊन तास झाला’ अगदी हेच करतं. उलट ‘पार्तीतो’ बरोबर ‘पेर उनोरा’ टाकून ‘तासभर निघाला’ असा अर्थ काढता येत नाही.

इंग्रजी मूळ मजकूरच संदिग्ध असतो, तेव्हा व्याकरण कामाला येत नाही. ‘आय हॅव वर्क्ड इन अ बँक फॉर फाइव्ह इअर्स’ हे बायोडेटातलं वाक्य आजही बँकेत असलेल्याचं असू शकतं किंवा आयुष्यात कधीतरी पाच वर्षं बँकेत काढलेल्याचंही. इटालियनमध्ये दोन्ही अर्थ एका वाक्यात मावत नाहीत. ‘लावोरो इन बांका दा चिंक्वे आन्नी’ लिहायचं की ‘ओ लावोरातो इन बांका पेर चिंक्वे आन्नी’, हे ठरवण्याआधी मजकुरातल्या तारखा पाहाव्यात, नाहीतर लिहिणाऱ्याला सरळ विचारावं: अजून तिथेच आहात का?

हाताशी आणखी एक रचना असू द्यावी. ‘इथे राहायला तीन वर्षं झाली’ या मराठी वळणासाठी इटालियनमध्ये ‘सोनो त्रे आन्नी के आबितो क्वी’ आणि ‘ए दा त्रे आन्नी के आबितो क्वी’ अशी दोन रूपं आहेत. दोन्हींत क्रियापद वर्तमानातच राहतं. कालावधीवर जोर द्यायचा असेल तेव्हा ही येतात. ठरलेल्या वेळेनंतर तासाभराने उगवलेल्या मित्राला स्टेशनवर म्हणतात, ‘ए उनोरा के ती आस्पेत्तो!’ तो समोर येऊन उभा राहिला तरी ‘आस्पेत्तो’ वर्तमानातच. त्याच संध्याकाळी हाच प्रसंग तिसऱ्या कुणाला सांगताना वाट पाहणं संपलेलं असतं, आणि मग वाक्य होतं ‘लो आस्पेत्तातो पेर उनोरा’.