तीन आठवडे उभी गाडी, तरी एका सेल्फमध्ये चालू

वाशीच्या सोसायटीत उभ्या असलेल्या गाडीची ३५ एएचची बॅटरी दर तीन आठवड्यांनी बसायची. लॉक करून अर्ध्या तासाने मल्टिमीटर लावला, तर ५० मिलिअँपिअर करंट जात होता. म्हणजे रोज १.२ एएच, २१ दिवसांत २५ एएच. मग सेल्फ नुसता टक-टक करणारच.

निगेटिव्ह टर्मिनलवर फिरकीचा कटऑफ स्विच बसवला. पॉझिटिव्हवर नको, पाना बॉडीला टेकला की ठिणगी. खाडीच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी भुकटी धरते. ती आधी पॉलिश पेपरने घासली, नट आवळून वर व्हॅसलिन लावलं. फिरकी ढिली राहिली तर सेल्फ मारताना तिथेच गरम होतं.

बॅटरी आधी पूर्ण चार्ज हवी. स्विच गळती थांबवतो, चार्ज करत नाही. घड्याळ मात्र दरवेळी लावावं लागतं.