आजाराचं नाव न सांगता एक दिवसाची रजा मागताय? या चुका टाळा

टीममधल्यांचे रजेचे अर्ज मंजुरीसाठी माझ्याकडे येतात. मन थकलंय म्हणून एक दिवस मागणाऱ्याचा अर्ज मला लगेच ओळखू येतो, आणि तो ओळखू येऊ नये असं मला मनापासून वाटतं. ताप आलेला माणूस दोन ओळी लिहितो. मनाने थकलेला माणूस वीस ओळी लिहितो.

हीच सगळ्यात मोठी चूक: गरजेपेक्षा जास्त सांगणं. एका सहकाऱ्याने मला रात्री दोन वाजता मेसेज पाठवला होता. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डॉक्टरांनी कोणतं निदान केलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळं त्यात होतं. नव्हतं ते एवढंच, की सकाळी अकराची मीटिंग कोण घेणार. सकाळी त्याने मेसेज डिलीट केला, पण तोवर मी वाचला होता. पुढे एक मोठं काम वाटताना त्याचं नाव घ्यायला मी दोनदा विचार केला. हे माझं चुकलं आणि त्याची मला आजही लाज वाटते. पण म्हणूनच सांगते, एकदा कानावर पडलेलं निदान कुणी विसरत नाही, भल्या मनाचा माणूससुद्धा.

म्हणून मेसेज आदल्या दिवशी, कामाच्या वेळेत पाठवा. सकाळी उठवलंच नाही तर ऑफिस सुरू व्हायच्या आधी. मी स्वतः असा लिहिते:

'उद्या गुरुवारी तब्येतीच्या कारणाने मी रजेवर आहे. अहवाल आज पाठवला आहे. अकराची मीटिंग अमुक घेईल. शुक्रवारी नेहमीच्या वेळी येते.'

यात खोटं काही नाही, मनाची तब्येत हीसुद्धा तब्येतच. कुणी उलट 'काय झालं?' विचारलं तर 'तब्येतीचंच आहे, शुक्रवारी येतेच' म्हणा आणि लगेच कामाचं बोला. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच वाक्य. लोकांना अवघड जातं ते इथेच. समोरचा गप्प राहिला की घाबरून पुढचं बोलून टाकतात. ती शांतता तशीच राहू द्या.

थापा मारू नका. तापाची थाप मारली की दुसऱ्या दिवशी तापाबद्दल विचारतात, आणि मग आणखी एक थाप मारावी लागते. टीमच्या ग्रुपवर रजा मागू नका. नियमात किरकोळ रजा असेल आणि शिल्लक असेल तर आधी ती वापरा, कारण तिला सहसा 'वैयक्तिक काम' एवढं कारण पुरतं.

दुसरी चूक कागदाची, आणि ती मी स्वतः केली आहे. पूर्वीच्या एका नोकरीत आजारपणाच्या रजेला पुरावा मागितला, म्हणून मी घाईत प्रिस्क्रिप्शनचा फोटो पोर्टलवर चढवला. अर्जात मी फक्त 'वैद्यकीय कारण' लिहिलं होतं, शब्द अगदी जपून. पण कागदावर वरच 'मनोविकारतज्ज्ञ' छापलेलं होतं, खाली गोळीचं नाव होतं. तो अर्ज माझ्या साहेबांनी पाहिला, त्यांच्या साहेबांनी पाहिला आणि पगाराचा हिशेब करणाऱ्यांनीही. दोन दिवसांनी एकीने हळूच विचारलं, 'आता बरं वाटतंय ना?' तिच्या आवाजावरूनच मला कळलं.

प्रिस्क्रिप्शन आणि प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रिस्क्रिप्शन तुमच्यासाठी आणि औषधवाल्यासाठी. ऑफिसला द्यायचं ते प्रमाणपत्र, आणि डॉक्टरांकडे ते स्पष्ट शब्दांत मागावं लागतं: 'निदान न लिहिता, वैद्यकीय कारणास्तव अमुक तारखेला विश्रांतीची गरज होती, एवढंच लिहून द्या.' लेटरहेडवर डॉक्टरांचं विशेषज्ञत्व छापलेलं असेल तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा. त्यांना तुमचे उपचार माहीत असतील आणि त्यांनी तुम्हाला तपासलं असेल तर ते देऊ शकतात. न तपासता कागद मागू नका. अपलोड करण्याआधी फाइलचं नावही पाहा. आत सगळं झाकून फाइलला 'समुपदेशन पावती' असं नाव दिलेलं मी पाहिलंय. आणि शक्य असेल तर कागद साहेबांऐवजी थेट एचआरकडे द्या.

दर आठवड्याला समुपदेशनाला जायचं असेल तर दर वेळी नवं कारण शोधू नका. 'पुढचे दोन महिने दर मंगळवारी चारनंतर माझी वैद्यकीय भेट आहे, ते तास मी सकाळी भरून काढीन' असं एकदाच सांगा. लोकांना वाटतं यातून संशय येईल. संशय येतो तो दर मंगळवारी वेगळं कारण ऐकून.

हे सगळं एखाद-दुसऱ्या दिवसापुरतं. रजा आठवड्यांवर जाणार असेल किंवा कामाचं स्वरूपच बदलून हवं असेल, तर एचआर जास्त माहिती मागू शकतं. तेव्हा काय आणि किती लिहायचं ते आधी डॉक्टरांबरोबर बसून ठरवा, मग अर्ज करा. आणि दर सोमवारी उठवत नसेल, तर आधी डॉक्टरांची वेळ घ्या. रजेचा मेसेज त्यानंतर.