मदतीच्या आवाहनातला फोटो तपासताय? या चुका टाळा

"फोटो टाकून सर्च करून पाहिलं, काहीच आलं नाही, म्हणजे फोटो खरा आहे." हे वाक्य ऐकलं की आता चीड येते. काही आलं नाही याचा अर्थ एवढाच, की तुम्ही टाकलेल्या चित्रासारखं काही त्या सर्चला सापडलं नाही. आवाहनाचं चित्र म्हणजे बहुधा दोन-तीन फोटोंचं कोलाज, वर लाल अक्षरांत मजकूर आणि खाली क्यूआर कोड. ते अख्खं टाकल्यावर काय सापडणार?

एका ग्रुपवर आजारी बाळासाठी असंच आवाहन फिरत होतं. अख्खं चित्र सर्चला टाकून दोघातिघांनी "ठीक आहे, पैसे पाठवा" असं सांगूनही टाकलं होतं. मी त्यातला खाटेवरचा फोटो कापून मोठा केला. मागच्या मॉनिटरवरचे आकडे आरशात दिसावेत तसे उलटे होते. फोनमध्येच फोटो फ्लिप करून पुन्हा शोधला, तर तो एका परदेशी बातमीत निघाला. तिथलं मूल वेगळं, आजारही वेगळा. म्हणून मी प्रत्येक तुकडा वेगळा कापतो, मजकूर छाटतो आणि सरळ व उलटा असा दोन्ही प्रकारे गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स या चित्रावरून शोधणाऱ्या साइट्सवर शोधतो. घाई असेल तर तपासल्याचं सांगू तरी नका.

दुसरी चूक म्हणजे पहिल्याच निकालावर थांबणं. 2015 च्या नेपाळ भूकंपानंतर लहान बहिणीला कवटाळून बसलेल्या मुलाचा फोटो 'भूकंपग्रस्त भावंडं' म्हणून पसरला, त्यावर देणग्याही मागितल्या गेल्या. प्रत्यक्षात तो ना सोन न्गुयेन या छायाचित्रकाराने 2007 मध्ये व्हिएतनामच्या हा जियांग प्रांतात काढला होता. आईवडील शेतावर गेले होते, अनोळखी माणूस पाहून बहीण रडू लागली आणि भावाने तिला जवळ घेतलं, इतकंच. हाच फोटो आधी बर्मातली अनाथ मुलं, सीरियातले युद्धग्रस्त म्हणूनही फिरला होता. म्हणजे जुना निकाल मिळाला तरी त्याखालची ओळही खोटी असू शकते. फोटो कोणी काढला हे सांगणाऱ्या पानापर्यंत जा. टिनआयवर 'सर्वांत जुना' हा क्रम लावा, पण तिथली तारीख टिनआयला फोटो पहिल्यांदा सापडल्याची असते, काढल्याची नव्हे.

मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्येच साठवलेली तारीख, कॅमेरा वगैरे माहिती, नाही म्हणून संशय घेऊ नका. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलं की ती माहिती पुसली जातेच.

आणि फोटो दुसरीकडे सापडला की लगेच "फसवणूक!" असं ओरडू नका. कधी मूल खरं असतं, आजारही खरा असतो, फक्त कुणीतरी कुटुंबाचं मूळ आवाहन उचलून खाते क्रमांक बदललेला असतो. दोन्ही आवाहनं शेजारी ठेवून खातेदाराचं नाव आणि क्यूआर कोड जुळवा. रुग्णालयाला फोन करायचा तर नंबर आवाहनातला घेऊ नका, स्वतः शोधा.