एका अशिलाचा आकडा दुसऱ्याच्या पत्रात

एआय चॅटमध्ये एका अशिलाच्या घसाऱ्याचा हिशोब झाला आणि त्याच चॅटमध्ये दुसऱ्याचं पत्र लिहायला घेतलं. मसुद्यात पहिल्याच्या यंत्राची किंमत उतरली! कारण साधं: प्रत्येक नव्या प्रश्नासोबत त्या चॅटमधला आधीचा मजकूरही पुन्हा वाचला जातो.

आता प्रत्येक अशिलाची चॅट वेगळी. शीर्षकात नाव नाही, फक्त ‘क-१४’ असा संकेत. कोणता संकेत कोणाचा, ही यादी माझ्याच संगणकावर. सेटिंगमधली ‘मेमरी’ही बंद केली, कारण ती चालू असली तर एका चॅटमधली माहिती दुसरीत डोकावू शकते (हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही).

तरी टाकलेला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातोच. म्हणून खातेक्रमांक मी कुठल्याच चॅटमध्ये टाकत नाही.